रागावल्यानंतरचे पहिले वाक्य

गेल्या पावसाळ्यात उसाच्या पट्ट्यातील एका वस्तीवरून एक आजी साडेचार वर्षांच्या नातीला घेऊन दवाखान्यात आल्या. "डॉक्टर, वरीस झालं, पोर रात्री अंथरूण ओलं करत नव्हती. आठ दिवसांपासून परत सुरू झालंय." सुटलेली सवय अशी अचानक परतली, तर आधी शारीरिक कारण शोधावे लागते. मुलीला ताप नव्हता, बद्धकोष्ठता नव्हती. लघवीत जंतुसंसर्ग किंवा साखर आढळली नाही. मग मी विचारले, "आठ दिवसांपूर्वी घरात काही घडले का?"

आजी क्षणभर गप्प राहिल्या. मग कळले ते असे. तिन्हीसांजेला चेंडूमागे धावत ही मुलगी उसाच्या कडेला गेली होती. जुन्नर-आंबेगावात त्या वेळी उसाजवळ एकटे मूल दिसले, की कोणाच्याही मनात आधी बिबट्याच येतो. वडिलांनी "थांब!" अशी आरोळी ठोकली आणि धावत जाऊन तिला उचलले. इथपर्यंत सारे योग्यच होते. परंतु ओट्यावर आणल्यावरही ते कितीतरी वेळ ओरडत राहिले. "तुला अक्कल नाही, तुला बिबट्यानं नेलं असतं म्हणजे कळलं असतं!" दुसऱ्या दिवशी त्यांनी बिस्किटांचा पुडा आणला आणि मोठ्यांच्या लेखी विषय संपला.

मी मुलीला विचारले, "पप्पा का ओरडले?" ती म्हणाली, "मी वाईट आहे म्हणून."

वडिलांचा राग भीतीतून आला होता, हे आपल्याला कळते. या वयाच्या मुलाला ते कळत नाही. घरात जे बिघडते ते आपल्यामुळेच, असे त्याला वाटते. तिच्या मनात बिबट्या राहिला नाही, वडिलांचा चेहरा राहिला. म्हणजे जो धडा द्यायचा होता, तोही पोहोचला नाही.

दुसऱ्या दिवशी वडील आले. त्यांचा प्रश्न रास्त होता: "माफी मागितली, तर ती परत उसाकडं नाही का जाणार?" मी म्हटले, नियमाबद्दल माफी मागायचीच नाही. "थांब!" या आरोळीबद्दलही नाही. त्यानंतरच्या ओरडण्याबद्दल आणि त्या शब्दांबद्दल मागायची. दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवायच्या.

मुलगी खेळून-जेवून शांत असताना तिच्याजवळ जमिनीवर बसायचे, म्हणजे चेहरा तिच्या उंचीवर येतो. तिला ओढून मांडीवर घ्यायचे नाही. मग थोडक्यात सांगायचे: "त्या दिवशी ओट्यावर मी तुझ्यावर खूप ओरडलो. तू घाबरलीस. ते माझं चुकलं. तू वाईट नाहीस." इथे थांबायचे. यापुढे "पण तूसुद्धा..." असे म्हटले, की माफी पुसली जाते आणि उरतो तो आरोप. ती काही बोलली नाही, पळून गेली, तरी चालेल. "पप्पांना माफ केलंस ना?" असे विचारायचे नाही, कारण मग मोठ्यांना सांभाळण्याचे ओझे तिच्यावर पडते. नियम नंतर, हात धरून, त्याच जागी दाखवायचा: "अंधार पडायला लागला, की इथून पुढं एकटं जायचं नाही. चेंडू गेला तर मला हाक मार."

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी तान्ह्या बाळांचे आणि मातांचे बारकाईने निरीक्षण केले. चांगल्या जोड्यांचाही सूर वारंवार चुकत असे आणि पुन्हा जुळत असे. मुलाचा विश्वास या पुन्हा जुळण्यातून घडतो.

आजी-आजोबांनो, यात तुमचे कामही नाजूक आहे. मुलासमोर बापाला बोल लावू नका, आणि "जा, पप्पांना सॉरी म्हण" असेही म्हणू नका. मुलाला जवळ बसू द्या. वडिलांना मागाहून, एकांतात आठवण करा. खाऊ द्यायचा तर द्या, पण माफीच्या बदल्यात नको.

मात्र ओरडणे रोजचे असेल, त्यात मारहाण असेल, तर माफीचे शब्द लवकरच पोकळ होतात. तेथे पालकाची झोप, दारू, कर्जाचा ताण वा उदासी यांवर उपचार हवेत. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. मूल काही आठवड्यांनंतरही दचकत असेल, जवळ येत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

या मुलीचे अंथरूण दोनेक आठवड्यांत कोरडे राहू लागले. ते केवळ माफीमुळेच झाले, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. परंतु आजींनी सांगितलेली दुसरी खूण मला अधिक मोलाची वाटली. एका संध्याकाळी ती ओट्यावरूनच हाक मारीत होती, "पप्पा, चेंडू उसाकडं गेलाय, चला ना!"