अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलादची गाठ

सातवीतल्या एका मुलीने वेळापत्रक पाहून विचारले, "सर, तीन वर्षं मिलादची सुट्टी पुढे ढकलली. यंदाही ढकलणार का?"

नाही ढकलणार. कारण यंदा १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे.

आधी ती तीन वर्षे पाहू. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि मिलाद दोन्ही २८ सप्टेंबरला आले. लालबागचे गणपती विसर्जनाला निघणार त्याच दिवशी भायखळ्याच्या खिलाफत हाऊसचा जुलूस. खिलाफत कमिटीने जुलूस २९ तारखेला नेला आणि सरकारने त्या दिवशी सुट्टी दिली. २०२४ ला मिलाद १६ आणि विसर्जन १७ सप्टेंबर, २०२५ ला ५ आणि ६ सप्टेंबर. मुंबईत सुट्टी अनुक्रमे १८ आणि ८ सप्टेंबरला गेली.

हा योगायोग वाटतो, पण दोन्ही दिवस एकाच चंद्राचे. पंचांगाचा महिना अमावास्येनंतर लगेच सुरू होतो, आपला चाँद दिसल्यावर, म्हणजे एक-दोन दिवसांनी. म्हणून भाद्रपद शुद्ध चतुर्दशी आणि रबीउल अव्वलची बारा तारीख, महिने जुळले की, शेजारीच येतात.

बारा चांद्रमासांचे साधारण ३५४ दिवस होतात, म्हणजे सौर वर्षाहून ११ कमी. म्हणूनच दोन्ही तारखा दरवर्षी अकरा-बारा दिवस अलीकडे सरकत गेल्या. आपण ही तूट भरत नाही. महिने पुढे-मागे करण्याची अरबांची 'नसी' ही प्रथा सूरह तौबामध्ये नाकारली आहे. त्यामुळे रमजान कधी उन्हाळ्यात, कधी थंडीत येतो. पंचांगाला मात्र सण ऋतूशी बांधून ठेवायचे असतात. ज्या चांद्रमासात सूर्य रास बदलत नाही, तो अधिक. २०२३ मध्ये सूर्य १७ जुलैला कर्केत गेला आणि १७ ऑगस्टला सिंहेत. मधला १८ जुलै ते १६ ऑगस्टचा महिना रिकामा राहिला, तोच अधिक श्रावण. म्हणून त्या वर्षी गणपती उशिरा, १९ सप्टेंबरला बसले आणि मिलादला येऊन मिळाले.

यंदा अधिक महिना नसता तर अनंत चतुर्दशी ऑगस्टच्या शेवटी, पुन्हा मिलादच्या शेजारी आली असती. आता ती २५ सप्टेंबरला आहे आणि मिलाद चाँद पाहून २६ ऑगस्टच्या सुमारास. मध्ये अख्खा महिना.

अधिक महिना आला की गणपती नेहमीच लांबतात असे नाही. २०२० मध्ये तो आश्विनात, म्हणजे भाद्रपदानंतर आला. गणपती २२ ऑगस्टलाच बसले. लांबली ती नवरात्र. पितृपक्ष संपला तरी घटस्थापना १७ ऑक्टोबरला झाली.

मुलीने पुढे विचारले, पुन्हा गाठ कधी? एका अधिक महिन्याने भाद्रपद आपल्या एका महिन्याने पुढे सरकतो. असे बारा अधिक महिने लागतील, म्हणजे सुमारे बत्तीस-तेहतीस वर्षे. तिने बोटे मोजली आणि म्हणाली, "तेव्हा माझी मुलं शाळेत असतील."