अठरा हजार कंत्राटी की साडेपंधरा हजार कायम?

आपल्या डोणगावच्या रस्त्याने मेहकर, सुलतानपूर, सिंदखेडराजा, जालना करत छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या गाडीत दर जून-जुलैत बॅगा घेतलेली पोरं दिसतात. आयटीआय किंवा बारावी झालेलं असतं, शेतात सोयाबीन पेरून झालेली असते आणि वाळूजच्या एखाद्या ठेकेदाराचा फोन आलेला असतो. घरी आईबाप विचारतात, "पगार किती?" आणि पुढचा प्रश्न विचारायचा राहूनच जातो. त्या राहिलेल्या प्रश्नासाठी मी हे लिहितो आहे. बरीच वर्षं मी एका ठेकेदाराच्या कचेरीत पगारपत्रकं केली. अकराव्या महिन्याच्या शेवटी खिडकीपाशी येऊन "साहेब, माझं नाव पुढच्या यादीत आहे का?" असं विचारणारे चेहरे मला अजून आठवतात. बहुतेकांना उत्तर देणं माझ्या हातात नव्हतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. ज्याला आपण सरसकट "कंत्राटी" म्हणतो, त्यात दोन वेगळी कामं असतात. पहिल्यात कंपनी स्वतःच्या नावाने, ठरावीक मुदतीसाठी, थेट नेमणूकपत्र देते. दुसऱ्यात नेमणूकपत्र ठेकेदाराचं असतं, काम कंपनीच्या आवारात असतं आणि "वर्षभर चांगलं काम कर, मग कंपनी रोलवर घेईल" असं तोंडी सांगितलेलं असतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांच्यानुसार पहिल्या प्रकारच्या माणसाला त्याच कामावरच्या कायम कामगाराइतकाच पगार आणि सवलती मिळायला हव्यात, आणि ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं थांबावं लागत नाही, एका वर्षाच्या सेवेवर ती मिळते. दुसऱ्या प्रकारात तुमचा मालक कागदावर ठेकेदारच राहतो. म्हणून कागद हातात आला की सगळ्यात वर कोणाचं नाव आहे ते वाचा. गेटवर कंपनीची पाटी मोठी असते, पण तुमचा हक्क तिथून ठरत नाही, नेमणूकपत्रावरच्या नावावरून ठरतो.

आता हिशेब. आमच्या शेजारच्या घरातल्या मुलासाठी गेल्या उन्हाळ्यात मी तो वहीवर करून दिला होता. त्याच्यापुढे दोन जागा होत्या. एक वाळूजची, ठेकेदारामार्फत, महिना १८,००० रुपये, मुदत अकरा महिने, बोनस पगारातच धरलेला, ग्रॅच्युइटीचा उल्लेख नाही, "नंतर कायम करू" हे तोंडी. दुसरी जालन्याच्या एका गोदामातली, महिना १५,५०० रुपये, सहा महिन्यांच्या परिवीक्षेनंतर कायम. घरच्यांचा कल वाळूजकडे होता, कारण महिन्याला अडीच हजारांचा फरक दिसत होता.

वाळूजच्या पगारात मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १२,००० होते. त्यावर मालकाचा भविष्यनिर्वाह निधीचा बारा टक्के वाटा १,४४० रुपये. अकरा महिन्यांचा पगार १,९८,००० आणि मालकाचा निधी १५,८४०, असे वर्षाचे २,१३,८४० झाले. जालन्यात मूळ वेतन १३,००० होतं, म्हणजे मालकाचा वाटा १,५६०. बारा महिन्यांचा पगार १,८६,०००, निधी १८,७२०, किमान दराचा बोनस सुमारे ७,०००. ग्रॅच्युइटी दरवर्षी पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी साठते आणि महिन्याचे दिवस सव्वीस धरतात, म्हणून १३,००० गुणिले १५ भागिले २६, बरोबर ७,५०० रुपये. ती कायम कामगाराच्या हाती पाच वर्षं पूर्ण झाल्यावरच येते, हेही त्याला सांगितलं. सगळं मिळून २,१९,२२० झाले. अडीच हजारांनी लहान दिसणारी नोकरी वर्षाकाठी ५,३८० रुपयांनी मोठी निघाली.

पण हा हिशेब एका गोष्टीवर उभा आहे, ती म्हणजे बारावा महिना. काही ठेकेदार करार संपला की महिनाभर घरी बसवतात, काही एक-दोन दिवसांचा खंड दाखवून लगेच पुन्हा घेतात. एकाच दिवसाचा खंड असेल तर वाळूजचे वर्षाचे २,३३,२८० होतात आणि तीच जागा १४,०६० रुपयांनी पुढे जाते. म्हणून "खंड किती दिवसांचा?" हा प्रश्न पगाराच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे. तो विचारायला लाजू नका.

त्यानंतर नूतनीकरणाची जोखीम मोजायची. समजा, पुढच्या यादीत नाव आलं नाही आणि दुसरं काम मिळेपर्यंत तीन महिने गेले. १८,००० च्या हिशेबाने ५४,००० रुपये बुडाले. वर्षाला १४,०६० चा फायदा जवळजवळ चार वर्षं न चुकता मिळत राहिला, तरच तो एक खड्डा भरतो. ज्याला इतका भरवसा असेल त्याने जरूर जावं. पण भरवसा कशावर ठेवायचा, ते आधी तपासावं.

तपासायची एक रीत सांगतो, ती मी पगारपत्रकं करताना शिकलो. त्याच कंपनीत चार-पाच वर्षं काम करणाऱ्या एखाद्या ओळखीच्या माणसाला शिफ्ट सुटताना गेटबाहेर भेटा आणि त्याचं पीएफ पासबुक मोबाइलवर बघू द्या म्हणा. यूएएन क्रमांक एकच असतो, पण त्याखाली दोन-तीन वेगवेगळ्या ठेकेदारांची नावं दिसली तर समजून घ्या: गेट तेच, यंत्र तेच, पण दर काही काळाने ठेकेदार बदलला आणि माणसाची नोकरी नव्याने सुरू झाली. त्याला मागच्या वर्षांची ग्रॅच्युइटी मिळणं फार अवघड आहे. मग विचारा, "मागच्या वर्षीच्या तुकडीतले किती जण कंपनी रोलवर गेले?" तुकडीतल्या दोन-चार जणांची नावंही कोणाला सांगता आली नाहीत, तर ते आश्वासन सोडून द्या आणि नुसत्या पगारावर निर्णय घ्या. ठेकेदाराचा कंपनीशी असलेला करार कधी संपतो, हेही विचारा. तुमचा करार त्याच्यापेक्षा जास्त टिकू शकत नाही.

मुदत संपल्यावर नाव वगळलं तर भरपाई मिळेल, असा अनेकांचा समज असतो. तसं नसतं. कायम कामगाराला कपातीत काढायचं असेल तर एक महिन्याची सूचना आणि दर वर्षाच्या सेवेमागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा लागतो. कराराची मुदत संपून नूतनीकरण झालं नाही, तर कायदा त्याला कपात मानतच नाही. दोन नोकऱ्यांमधला सगळ्यात मोठा फरक हाच आहे, आणि पगाराच्या चिठ्ठीवर तो कुठेही लिहिलेला नसतो.

सरकारी कंत्राटाबद्दल वेगळं सांगतो, कारण आपल्याकडे "सरकारी आहे, आज ना उद्या कायम होईल" हा विश्वास फार खोल आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानात काम करणाऱ्या मुली-मुलांचे करार अकरा-अकरा महिन्यांचे असतात, आणि दहा वर्षं झालेल्यांच्या समायोजनाचा शासन निर्णय व्हायला मार्च २०२४ उजाडला. त्यासाठीही कामबंद आंदोलनं करावी लागली. सर्वोच्च न्यायालयाने १० एप्रिल २००६ रोजी उमादेवी खटल्यात सांगितलं, की कंत्राटी काम कितीही वर्षं केलं तरी त्यातून कायम नेमणुकीचा हक्क आपोआप तयार होत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने केंद्रीय जल आयोगातल्या, अनेक वर्षं राबलेल्या सफाई कामगारांना कायम करायला लावलं, हे खरं आहे. पण तिथवर पोहोचायला त्यांना वर्षानुवर्षं खटला लढवावा लागला. राज्य सरकारने ६ सप्टेंबर २०२३ ला बाह्य संस्थांमार्फत भरतीचा निर्णय काढला आणि टीका झाल्यावर ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला. कागद असा दीड महिन्यात बदलू शकतो. म्हणून सरकारी कंत्राट घ्यायचं असेल तर त्या अकरा महिन्यांच्या पगारासाठी आणि अनुभवासाठी घ्या. कायम होण्याच्या आशेवर वयोमर्यादेतली वर्षं आणि स्पर्धा परीक्षांचे अर्ज सोडून देऊ नका.

ज्यांनी कंत्राट आधीच घेतलं आहे, त्यांना दोन गोष्टी कळकळीने सांगतो. पगाराच्या चिठ्ठीवर पीएफची कपात एकदाच, बारा टक्के असली पाहिजे. काही ठेकेदार मालकाचा वाटाही तुमच्याच पगारातून कापतात आणि "दोन्ही मिळून जमा होतं" म्हणतात. मालकाचा वाटा कामगाराकडून वसूल करायला कायद्यात बंदी आहे. दर महिन्याला पासबुक उघडून बघा. चिठ्ठीवर कपात दिसते आणि पासबुकात जमा नाही, असं दोन महिने सलग झालं तर लगेच लेखी तक्रार करा. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, म्हणून गेटपास आणि हजेरीचे फोटो जपून ठेवा.

दुसरी गोष्ट, खंडाच्या महिन्यात पीएफ काढू नका. अडचण असते, किराणा उधार असतो, हे मला कळतं. पण पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते, आणि ती वेगवेगळ्या मालकांकडची जोडून धरली जाते, मधे पेन्शनची रक्कम काढून घेतलेली नसेल तर. दर वेळी पेन्शनचेही पैसे काढून घेणारा माणूस पंधरा वर्षं राबूनही पेन्शनच्या बाबतीत पहिल्याच वर्षात उभा असतो. असे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांना हे आधी कोणीच सांगितलं नव्हतं. नवीन ठेकेदाराला जुनाच यूएएन द्या आणि रक्कम वर्ग करून घ्या.

"कायम" या शब्दालाही भुलू नका. नेमणूकपत्र नाही, पीएफ नाही, पगार रोखीत, आणि तरी "तू आपला कायमचाच माणूस" असं म्हणणारे मालक तालुक्यात कमी नाहीत. त्यापेक्षा नावाजलेल्या कारखान्यातलं अकरा महिन्यांचं कंत्राट पुष्कळ बरं, विशेषतः वय वीस-बावीस असेल, घरची जबाबदारी नसेल आणि सीएनसी किंवा वेल्डिंगसारखं हात घडवणारं काम असेल तर. तिथे तुम्ही कमी सवलतीत एक कसब विकत घेत असता. नुसतं माल उचलण्याचं काम असेल तर तोही लाभ नाही. लग्नाच्या बोलणीत मुलीकडचे "परमनंट आहे का?" विचारतात, बँकही कर्ज देताना तेच बघते, त्यामुळे तिशीकडे आलेल्या माणसाचा हिशेब बाविशीतल्यापेक्षा वेगळा येणार.

शेजारच्या त्या मुलाने वही घडी घालून खिशात ठेवली आणि वाळूजच्या ठेकेदाराला फोन लावला. खंड किती, बोनस वेगळा मिळेल का, आणि कायम करण्याचं कागदावर लिहून द्याल का, असे तीन प्रश्न विचारले. खंड महिन्याचा आहे, बोनस पगारातच आहे आणि लिहून देता येणार नाही, असं उत्तर आलं. मग जालन्याला फोन करून त्याने नेमणूकपत्राची प्रत मागितली. ती मोबाइलवर आली. ती आम्ही दोघांनी ओट्यावर बसून वाचली, परिवीक्षेची मुदत आणि पीएफचं कलम सापडलं, आणि सोमवारी तो जालन्याच्या गाडीत बसला.