बिबट्याचे भय आणि घराचा उंबरठा

जुन्नर-आंबेगाव परिसरात बिबट्याचे भय काल्पनिक नाही. २००१ ते २००३ या काळात जुन्नर वनविभागात माणसांवरील हल्ले वाढले होते. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात पुन्हा बळी गेले. तिन्हीसांजेला उसाच्या कडेने एकट्याने न जाणे हा शहाणपणा होय, व्याधी नव्हे. तथापि या भयाच्या आडोशाने एक निराळी व्याधी वाढते आणि आपण वैद्यही तिला ओळखण्यात चुकतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझ्याकडे आलेल्या, मळ्यात राहणाऱ्या एका चाळिशीच्या स्त्रीने प्रथम दिवेलागणीनंतर बाहेर पडणे सोडले. दुसऱ्या महिन्यात आठवडे बाजारात तिला अचानक धडधड, घाम व घेरी आली; काही मिनिटांत ती ओसरलीही. पुढे बाजार सुटला, मग एस.टी., मग सोबतीवाचून फिरणे. आठव्या महिन्यात ती भरदुपारीही अंगणापलीकडे जाईना. घरच्यांच्या मते ही बिबट्याचीच धास्ती होती.

हृदय, थायरॉइड व पांडुरोग यांची तपासणी निर्दोष निघाली. मी अश्वगंधा दिली आणि विश्रांती सांगितली. झोप सुधारली, उंबरठा मात्र ओलांडला गेला नाही. अखेर विचारले, "बाजारात कशाची भीती वाटते?" उत्तर आले, "तिथं मला काही झालं तर घरी कशी येऊ?" येथे निदान झाले. बिबट्याच्या भयाला जागा आणि वेळ असते. या भयाला केवळ सुटकेची वाट नसलेले ठिकाण पुरते. गर्दी, मोकळे मैदान, बंदिस्त जागा, वाहन, घराबाहेरचे एकटेपण यांपैकी किमान दोन ठिकाणी ते सहा महिने वा अधिक टिकले, तर हा विकार मानावा.

प्रत्येक टाळणीने क्षणिक सुटका मिळते आणि मन तीच शिकते. म्हणजे माझ्या विश्रांतीच्या सल्ल्याने व्याधीलाच बळ दिले होते. चरकाचार्यांच्या त्रिविध औषधांतील सत्त्वावजयाचे स्थान येथे आहे, आणि त्याला कृतीची जोड हवी. मी पायऱ्या ठरवल्या: भरदुपारी फाटकापर्यंत, मग रस्त्यापर्यंत, मग पतीसोबत एस.टी.चा एक थांबा, मग एकटीने, शेवटी बाजार. नियम एकच: भय ओसरेपर्यंत तेथेच थांबावयाचे, आणि पायरी सोपी वाटेपर्यंत रोज करावयाची. सायंकाळची उसाची वाट मात्र कोणत्याही पायरीत नव्हती. तीन महिन्यांनी ती एकटी बाजार करून आली.

काही आठवड्यांत प्रगती न दिसल्यास, अथवा जगणे नकोसे झाल्याचे शब्द कानी आल्यास, रुग्णास विनाविलंब मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे. आणि बिबट्याच्या गावात "घरीच थांबा" असे सांगण्यापूर्वी, भय नेमके कोणत्या वेळचे व कोणत्या ठिकाणचे, एवढे तरी प्रत्येक वैद्याने विचारावे.