विश्लेषण : चांदीचे नाणे घ्यावे की बार? दर वाढूनही विकताना तोटा का होतो?

१८ ऑक्टोबर २०२५ च्या धनत्रयोदशीच्या तोंडावर देशात चांदीची टंचाई झाली. लंडनच्या बाजारात चांदीने १९८० चा विक्रम मोडला आणि औंसाला ५४ डॉलरची पातळी ओलांडली. भारतात मागणी एवढी वाढली, की दुकानदार जाहीर दरापेक्षा बरेच जास्त पैसे घेऊन नाणी विकू लागले. सण संपला आणि काही दिवसांतच लंडनचा दर ५० डॉलरच्या खाली आला. सणाला नाणे घेतलेल्यांना तेव्हा दोन फटके बसले. एक दर उतरल्याचा, दुसरा दरावर दिलेल्या जादा पैशांचा. पहिला फटका कोणाच्या हातात नसतो. दुसरा मात्र खरेदी करतानाच टाळता येतो.

मुदखेडसारख्या गावात हा प्रश्न अधिक जवळचा आहे. तालुक्यात फुलशेती मोठी आहे आणि झेंडूचे पैसे हातात येतात ते दसरा-दिवाळीलाच. म्हणजे पैसे आले की लगेच धनत्रयोदशी, आणि नाण्यावरची जादा आकारणी सर्वाधिक असते तीही तेव्हाच.

जाहीर दर आणि दुकानातील दर वेगळा का?

बातम्यांत दिसणारा ‘एमसीएक्स’चा दर हा वायदे बाजाराचा, किलोचा दर असतो. दुकानात दहा ग्रॅमचे नाणे घेताना त्या दरावर तीन गोष्टी चढतात : नाणे पाडण्याची मजुरी व पॅकिंग, दुकानदाराचा नफा आणि या सगळ्यावर ३ टक्के जीएसटी. पहिल्या दोन्हींना मिळून ‘प्रीमियम’ म्हणतात.

दहा ग्रॅमचे नाणे पाडायला आणि शंभर ग्रॅमचा बार ओतायला लागणाऱ्या खर्चात फारसा फरक नसतो. पण नाण्यात तो खर्च दहाच ग्रॅमवर पडतो. म्हणून वजन जितके लहान, तितका ग्रॅममागे प्रीमियम जास्त. लक्ष्मी-गणपतीचे रंगीत नाणे, मखमली डबी, सणाची खास आवृत्ती यांचे पैसे वेगळे लागतात, आणि विकताना त्यांतला एक रुपयाही परत येत नाही.

दुकानात पहिला प्रश्न ‘आजचा दर काय?’ असा न विचारता, ‘या वस्तूचे जीएसटीसह सगळे मिळून किती, आणि हीच वस्तू आज तुम्हाला विकली तर किती द्याल?’ असा विचारावा. या दोन आकड्यांमधली दरी म्हणजे गुंतवणुकीचा खरा खर्च.

ही दरी किती मोठी असू शकते?

हिशेब सोपा व्हावा म्हणून ग्रॅमला १५० रुपये, म्हणजे किलोला दीड लाख, असा दर धरू. वाचकांनी त्या जागी आजचा दर आणि आपल्या दुकानदाराने सांगितलेले आकडे घालावेत. शंभर ग्रॅम चांदीची मूळ किंमत झाली १५ हजार रुपये.

पहिल्या खरेदीदाराने दहा ग्रॅमची दहा नाणी घेतली. प्रीमियम २० टक्के धरला तर १८ हजार, आणि जीएसटी धरून १८,५४० रुपये. दुसऱ्याने शंभर ग्रॅमचा एकच बार घेतला. प्रीमियम ४ टक्के धरला तर १५,६००, आणि जीएसटीसह १६,०६८ रुपये.

आता दोघे त्याच दराने विकायला गेले. सराफाने ५ टक्के बट्टा कापला, तर दोघांच्याही हातात १४,२५० रुपयेच येतात, कारण परत घेताना सराफ फक्त चांदी मोजतो. नाणेवाल्याचा तोटा ४,२९० रुपये, बारवाल्याचा १,८१८. केवळ मुद्दल सुटण्यासाठी नाणेवाल्याला चांदी ३० टक्के वाढण्याची वाट पाहावी लागेल. बारवाल्याला १३ टक्के पुरेशी आहे. भरलेला जीएसटी दोघांनाही परत मिळत नाही.

शुद्धता कशी ओळखायची?

गुंतवणुकीसाठी ‘९९९’ शुद्धतेची, म्हणजे हजार भागांत ९९९ भाग चांदी असलेली वस्तू घ्यावी. ‘९२५’ ही दागिन्यांची चांदी असते. नुसते ‘प्युअर सिल्व्हर’ असे लिहिलेले असेल तर त्याला अर्थ नाही.

चांदीचे हॉलमार्किंग सोन्यासारखे सक्तीचे नसून ऐच्छिक आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या हॉलमार्कसोबतही सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी क्रमांक देण्याची पद्धत सुरू झाली. वस्तूवर बीआयएसचे चिन्ह व ‘SILVER’ हा शब्द, शुद्धतेचा आकडा आणि एचयूआयडी अशा तीन खुणा असाव्यात. तो क्रमांक ‘BIS Care’ अॅपमध्ये ‘Verify HUID’ येथे टाकला, की नोंद दिसते. ऐच्छिक असल्याने ‘चांदीला हॉलमार्क नसतोच’ असे उत्तर मिळू शकते. ते खरे नाही.

घरच्या घरी करता येईल अशी एक चाचणी घनतेची आहे. चांदी पाण्याच्या सुमारे साडेदहा पट जड असते. वजनकाट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणावा. शंभर ग्रॅमचा बार दोऱ्याला बांधून पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असा पाण्यात सोडावा. काटा साधारण साडेनऊ ग्रॅम दाखवेल. ‘जर्मन सिल्व्हर’ या नावाने विकल्या जाणाऱ्या, चांदीचा कणही नसलेल्या मिश्रधातूचा तेवढाच बार साडेअकराच्या आसपास जाईल.

या चाचणीला मर्यादा आहे. ९९९ आणि ९२५ मधला फरक इतका बारीक असतो, की स्वयंपाकघरातल्या काट्यावर तो कळत नाही. दहा ग्रॅमच्या नाण्यासाठी तर मिलिग्रॅमचा काटाच लागेल. चुंबकाची चाचणी फक्त लोखंड पकडते. तांबे, शिसे आणि जर्मन सिल्व्हर त्यातून निसटतात. सराफाकडचे टंच मोजणारे एक्स-रे यंत्रही पृष्ठभागाचीच चांदी वाचते. जाड मुलामा असेल तर तेही फसू शकते.

घरातले जुने रुपये ‘शुद्ध’ असतात का?

मराठवाड्यातल्या अनेक घरांत राणीछाप रुपये आणि निजामाचे चारमिनार असलेले हाली रुपये जपून ठेवलेले असतात. दोन्ही चांदीचे, पण सारखे नाहीत. राणीछाप, म्हणजे कलदार, रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम आणि शुद्धता ९१७. त्यात १०.६९ ग्रॅम चांदी असते. हाली रुपया ११.१८ ग्रॅमचा आणि ८१८ शुद्धतेचा, म्हणजे चांदी ९.१४ ग्रॅम. हैदराबाद संस्थानात सहा कलदारांना सात हाली असा विनिमयाचा दर होता. चांदीचे गुणोत्तर काढले तर तेच उत्तर येते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश रुपयातली चांदी निम्म्यावर आणली गेली.

वर धरलेल्या दराने कलदारात सुमारे १,६०० रुपयांची, हालीमध्ये १,३७० रुपयांची, तर युद्धकाळातल्या रुपयात ८७५ रुपयांचीच चांदी भरते. त्यामुळे सगळे रुपये एकत्र तोलून एकच दर लावू देऊ नये. दुर्मीळ सालाचे नाणे असेल तर ते आटवण्यापूर्वी नाणी जाणणाऱ्याला दाखवावे. नव्याने पाडलेल्या ‘राणीछाप’ नकलाही बाजारात मिळतात, त्यामुळे जुने म्हणून जादा पैसे देऊन गुंतवणुकीसाठी असे रुपये घेणे धोक्याचे.

ठेवायची कुठे?

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे. या काळ्या थराने किमतीत फरक पडत नाही, पण राख किंवा टूथपेस्टने घासल्यास चांदी झिजते आणि वजन घटते. गुंतवणुकीची चांदी घासूच नये. रबर बँड, लोकरीचे कापड आणि वर्तमानपत्राचा कागद यांपासून दूर, सीलबंद पाकिटात ठेवावी. सील फुटले की सराफ पुन्हा टंच तपासतो आणि बट्टा वाढवायला त्याला कारण मिळते.

थोड्या चांदीसाठी लॉकर परवडत नाही. तीस हजारांच्या चांदीसाठी वर्षाला दोन हजार भाडे दिले, तर दरवर्षी साडेसहा टक्के त्यातच गेले. घरात आधीपासून लॉकर असेल तरच त्यात ठेवणे फायद्याचे. बिल, पाकिटावरचा क्रमांक आणि एचयूआयडी यांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवावेत, मूळ बिल चांदीपासून वेगळे.

विकताना काय पाहावे?

ज्या दुकानातून घेतली तिथे बिल दाखवल्यास बट्टा सहसा कमी लागतो. म्हणून खरेदी करतानाच परत घेण्याची अट बिलावर लिहून घ्यावी. ‘परत घेऊ, पण फक्त दागिन्यांच्या बदल्यात’ ही अट असेल तर ती विक्री नव्हे, कारण दागिन्याची मजुरी पुन्हा आपल्याच माथी येते. नांदेडच्या सराफ्यात विकायला जाणार असाल तर दोन-तीन ठिकाणी दर विचारून मगच पाकीट फोडू द्यावे, आणि चांदी आपल्यासमोर तोलून घ्यावी. दहा हजारांपेक्षा जास्त रक्कम रोख द्यायला सराफ सहसा तयार नसतात. प्राप्तिकर नियमानुसार त्यांना तो खर्च दाखवता येत नाही, म्हणून पैसे खात्यावर येतात.

दोन वर्षांपेक्षा जास्त काळ ठेवून विकल्यास नफ्यावर साडेबारा टक्के दराने कर लागतो. त्याआधी विकल्यास नफा नेहमीच्या उत्पन्नात धरला जातो.

मग नाणी घ्यायचीच नाहीत का?

एका बाबतीत नाणे बारापेक्षा सरस आहे, आणि ती म्हणजे तारण. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांनुसार बँका व वित्तसंस्थांना चांदीचे दागिने आणि नाणी गहाण ठेवून कर्ज देता येते. १ एप्रिल २०२६ ही ते लागू करण्याची अंतिम तारीख आहे. नाण्यांची मर्यादा एका कर्जदाराला ५०० ग्रॅम. अडीच लाखांपर्यंतच्या कर्जात तारणाच्या मूल्याच्या कमाल ८५ टक्के रक्कम मिळू शकते. बार आणि विटा मात्र या कर्जासाठी चालत नाहीत. कर्ज द्यायचे की नाही हे ती संस्थाच ठरवते, त्यामुळे आपल्या शाखेत आधी विचारलेले बरे.

म्हणून निवड उद्देशावर ठरते. पेरणीच्या वेळी गहाण ठेवण्याची शक्यता असेल तर ५० किंवा १०० ग्रॅमची साधी, हॉलमार्कची नाणी घ्यावीत. त्यांचा प्रीमियम दहा ग्रॅमच्या नाण्यापेक्षा कमी पडतो. फक्त दर वाढल्यावर विकायची असेल तर शंभर ग्रॅम किंवा त्याहून मोठा बार. डीमॅट खाते असलेल्यांसाठी चांदीचे ईटीएफ आहेत. तिथे मजुरी आणि साठवणुकीची चिंता नाही. पण ऑक्टोबर २०२५ च्या टंचाईत ईटीएफचे भावही मूळ चांदीपेक्षा वर गेले होते, आणि काही फंड घराण्यांनी चांदीच्या फंडांत नवी एकरकमी गुंतवणूक काही काळ थांबवली होती.

मुहूर्ताला नाणे घ्यायचेच असेल तर पूजेपुरते एक घ्यावे. उरलेल्या पैशांची चांदी सण ओसरल्यावर, वरचे दोन आकडे विचारून घ्यावी.