मांजरीच्या केसांतले काळे ठिपके

गेल्या महिन्यात जुन्या नाशकातल्या एका आपांनी आम्हाला त्यांच्या मांजरीचा फोटो पाठवला. "शेपटीच्या बुडाशी काळे ठिपके दिसतात, गोचीड आहे का?" फोटो दुरून, रात्री फ्लॅशवर काढलेला. काही कळेना. दुसरा मागवला: दिवसा खिडकीपाशी, केस बोटांनी फाकवून, कातडी दिसेल असा जवळून.

गोचीड कातडीला तोंड रुतवून बसते आणि रक्त पिऊन दाण्याएवढी फुगते. फुंकर मारून हलत नाही. इथे मात्र मिरपुडीसारखे सुटे कण होते. ती माती की पिसवांची विष्ठा, हे फोटो सांगू शकत नाही. आपांना ते कण ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवायला सांगितले. थोड्या वेळात भोवती तांबूस डाग पसरला. पिसवा रक्त पितात, ते विष्ठेतून बाहेर पडते. मातीचा डाग असा पसरत नाही.

शेजारी कुत्र्याच्या गोचिडीचे औषध द्यायला तयार होते. आम्ही घाईने नको म्हटले. त्यातल्या काहींत परमेथ्रिन असते, ते मांजराच्या जिवावर बेतते.

कानामागे केस गेलेला एक गोल चट्टाही होता, कडेला कोंडा. तो खाजवून झाला की गजकर्णाने, हे डॉक्टर केस तपासूनच सांगतील. गजकर्ण माणसांनाही होते, म्हणून तोवर मांजर मुलांच्या अंथरुणात नको. आणि तिची गोधडी गरम पाण्यात धुवायची, कारण पिसवांची अंडी तिथेच गळून पडतात.