खात्यातील अनोळखी किरकोळ रक्कम : कार्डचोरांची चाचपणी आणि तीन दिवसांची मुदत

बँकेच्या खातेउताऱ्यावर किंवा क्रेडिट कार्डाच्या विवरणपत्रावर ऐंशी-नव्वद रुपयांची एखादी अनोळखी नोंद दिसली, तर बहुतेक ग्राहक तिच्याकडे दुर्लक्ष करतात. एवढ्या रकमेसाठी बँकेत तक्रार कोण करणार, असा विचार त्यामागे असतो. चोरलेल्या कार्डांचा व्यापार करणाऱ्या टोळ्यांचा हिशेब नेमका याच मनोवृत्तीवर उभा आहे. त्यांच्या दृष्टीने ती रक्कम म्हणजे कमाई नव्हे, चाचणी असते. कार्ड चालू आहे, क्रमांक बरोबर आहे आणि मालक सावध नाही, एवढे कळण्यासाठी एक डॉलरचा व्यवहारही पुरेसा ठरतो.

या चाचणीची गरज चोरीच्या मालाच्या स्वरूपातून निर्माण होते. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘ग्रुप-आयबी’ या सायबर सुरक्षा संस्थेने ‘जोकर्स स्टॅश’ या बेकायदा बाजारात विक्रीस ठेवलेला सुमारे ४ लाख ६० हजार कार्डांचा एक साठा उघडकीस आणला. त्यातील ९८ टक्क्यांहून अधिक कार्डे भारतीय बँकांची होती. त्यात कार्डाचा क्रमांक, मुदत समाप्तीचा महिना आणि पाठीमागील तीन अंकी सीव्हीव्ही असा तपशील होता, आणि प्रत्येक कार्डाची किंमत होती अवघे ९ डॉलर. अशा साठ्यातील किती कार्डे एव्हाना बंद झाली आहेत, किती बदलली गेली आहेत, हे खरेदीदाराला ठाऊक नसते. ते शोधण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे प्रत्येक कार्डावर किरकोळ व्यवहार करून पाहणे. जे कार्ड या चाळणीतून पार पडते, ते मोठ्या खरेदीसाठी वापरले जाते किंवा चढ्या भावाने पुढे विकले जाते.

चोरीचा साठा हाती नसतानाही चाचणी करता येते. कार्डक्रमांकाचे आरंभीचे सहा किंवा आठ अंक ते कार्ड देणारी संस्था दर्शवतात आणि शेवटचा अंक एका ठरावीक गणिती नियमाने निघतो. त्यामुळे संगणकाच्या साहाय्याने शक्य असलेले क्रमांक तयार करणे अवघड नसते. ब्रिटनमधील न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये पुढचा धोका दाखवून दिला. खरा क्रमांक हाती असेल, तर मुदतीचा महिना शोधण्यासाठी जास्तीत जास्त ६० आणि सीव्हीव्ही शोधण्यासाठी जास्तीत जास्त १,००० प्रयत्न लागतात. हे प्रयत्न एकाच संकेतस्थळावर केले तर ते पकडले जातात, परंतु अनेक संकेतस्थळांवर थोडेथोडे विभागले तर प्रत्येक ठिकाणी ते क्षुल्लक दिसतात. याचा अर्थ असा, की ज्याने आपले कार्ड कुठेही हरवले नाही आणि कोणालाही दाखवले नाही, त्याच्याही उताऱ्यावर अशी नोंद येऊ शकते.

ओटीपीविना व्यवहार होतो कसा?

भारतीय ग्राहकाला स्वाभाविकपणे पडणारा प्रश्न असा, की ओटीपी न मागता पैसे गेलेच कसे? देशांतर्गत ऑनलाइन कार्डव्यवहारांसाठी रिझर्व्ह बँकेने २००९ पासून अतिरिक्त पडताळणी सक्तीची केली आहे. हे बंधन परदेशी व्यापाऱ्यांवर मात्र नव्हते. परदेशातील असंख्य संकेतस्थळे केवळ क्रमांक, मुदत आणि सीव्हीव्ही यांवर व्यवहार पूर्ण करतात, काही तर सीव्हीव्हीही मागत नाहीत. म्हणूनच भारतीय कार्डावरील चाचणी बहुधा परकीय चलनात होते. देणग्या स्वीकारणारी छोटी संकेतस्थळे आणि डिजिटल सेवा विकणारी दुकाने चोरट्यांना विशेष सोयीची पडतात, कारण तिथे रक्कम हवी तेवढी लहान ठेवता येते आणि माल पाठवण्यासाठी पत्ता द्यावा लागत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२५ मधील निर्देशांनी ही फट अरुंद करण्याचा प्रयत्न केला आहे. परदेशी व्यापाऱ्याने किंवा त्याच्या बँकेने पडताळणीची विनंती केल्यास ती करण्याची व्यवस्था कार्ड देणाऱ्या संस्थांनी १ ऑक्टोबर २०२६ पर्यंत उभारावी, असे त्यात म्हटले आहे. परंतु विनंती करायची की नाही, हे परदेशी बाजूच्या हाती राहते. विनंती न करणाऱ्या व्यापाऱ्याकडून होणारी चाचणी केवळ या तरतुदीने थांबणार नाही.

संशयास्पद आणि निरुपद्रवी नोंदींतील फरक

प्रत्येक लहान वजावट फसवणुकीची नसते. १७ रुपये ७० पैसे ही रक्कम अनेकदा बँकेच्या १५ रुपयांच्या एसएमएस शुल्कावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरून झालेली असते. मे महिन्याच्या अखेरीस खात्यातून गेलेले २० रुपये प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वार्षिक हप्ता असू शकतात. एखाद्या ॲपमध्ये नवे कार्ड नोंदवल्यावर एक-दोन रुपये कापले जातात आणि लगेच परत येतात. दुकानाचे नाव एक आणि उताऱ्यावर दिसणारे कंपनीचे नाव दुसरे, असेही वरचेवर घडते. त्यामुळे घरातील इतर कोणी ते कार्ड वापरते का, एखादी वर्गणी चालू आहे का, हे आधी पाहणे योग्य ठरते.

शंका बळावणारी लक्षणे वेगळी आहेत. रक्कम परकीय चलनात असणे, ओटीपी न येता व्यवहार होणे, व्यापाऱ्याचे नाव अनोळखी असणे आणि काही मिनिटांत तशाच नोंदी किंवा ‘व्यवहार नाकारला’ असे संदेश येणे, ही त्यांतील प्रमुख होत. न मागता आलेला ओटीपी हेही असेच लक्षण आहे. त्याचा अर्थ कोणीतरी देशांतर्गत व्यवहाराचा प्रयत्न करत असून तो शेवटच्या दारावर अडला आहे. सर्वाधिक फसवे लक्षण म्हणजे आपोआप परत आलेली रक्कम. पैसे परत आले म्हणून ग्राहक निश्चिंत होतो. प्रत्यक्षात चाचणी करणाऱ्याला बँकेची केवळ मंजुरी हवी असते. मंजुरी मिळाल्यावर व्यवहार रद्द झाला, तरी त्याला हवे ते उत्तर मिळालेले असते.

मुदतीचा हिशेब

लहान रकमेची तक्रार वेळेत का करावी, याचे उत्तर रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने आखलेल्या चौकटीत सापडते. त्रुटी बँकेची किंवा ग्राहकाची नसून व्यवस्थेत अन्यत्र असेल आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने कळवले, तर त्याचे दायित्व शून्य राहते. चार ते सात दिवसांत कळवल्यास ठरावीक मर्यादेपर्यंतचा भार त्याच्यावर येतो. सर्वसाधारण बचत खाते आणि पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेले क्रेडिट कार्ड यांसाठी ती १०,००० रुपये किंवा प्रत्यक्ष व्यवहाराची रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती होय. सात दिवसांनंतर निर्णय त्या त्या बँकेच्या धोरणानुसार होतो. सूचना मिळालेला दिवस या मोजणीत धरला जात नाही आणि कामकाजाचे दिवस ग्राहकाच्या शाखेच्या वेळापत्रकानुसार मोजले जातात.

एक उदाहरण घेऊ. एखाद्या खातेदाराच्या डेबिट कार्डावर गुरुवारी रात्री ०.९९ डॉलरचा व्यवहार झाल्याचा एसएमएस येतो. शुक्रवार हा पहिला दिवस. नंतरचा शनिवार महिन्यातील दुसरा असल्याने बँकेला सुटी, त्यानंतर रविवार. सोमवार दुसरा आणि मंगळवार तिसरा दिवस ठरतो. मात्र चोरटे मुदत संपण्याची वाट पाहत नाहीत. शनिवारी मध्यरात्री त्याच कार्डावर ४०० डॉलरचे दोन व्यवहार होतात. गुरुवारी रात्रीच कार्ड बंद केले असते, तर हे दोन्ही व्यवहार नाकारले गेले असते. रविवारी सकाळी जाग आली आणि तत्काळ तक्रार केली, तर नियमानुसार दायित्व शून्यच राहील, परंतु पैसे खात्यातून गेलेले असतील. बँकेने तक्रारीनंतर दहा कामकाजाच्या दिवसांत ती रक्कम तात्पुरती जमा करायची असते आणि ९० दिवसांत तक्रार निकाली काढायची असते. महिन्याअखेरीस उतारा वाचून तक्रार करणाऱ्याचे संरक्षण मात्र बँकेच्या मर्जीवर जाते.

कृतीचा क्रम

पहिले पाऊल तक्रारीचे नव्हे, दार बंद करण्याचे. २०२० च्या निर्देशांनुसार ऑनलाइन, आंतरराष्ट्रीय आणि स्पर्शविरहित वापर चालू-बंद करण्याची सोय ग्राहकाला चोवीस तास द्यावी लागते. बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय आणि ऑनलाइन वापर तत्काळ बंद करावा आणि संशय पक्का असेल तर कार्डच कायमचे बंद करावे. तात्पुरता वापर थांबवला तरी चोरलेला क्रमांक जुनाच राहतो. वापर पुन्हा सुरू करताच धोका परत येतो, म्हणून नव्या क्रमांकाचे कार्ड घेणे हाच खरा उपाय आहे. नवे कार्ड आल्यावर वीजबिल, विमा आणि वर्गण्यांचे स्वयंचलित आदेश पुन्हा नोंदवावे लागतात, हा त्रास गृहीत धरावा.

दुसरे पाऊल म्हणजे बँकेला कळवणे. त्यासाठी कार्डाच्या मागे छापलेला क्रमांक किंवा बँकेचे ॲप वापरावे. इंटरनेटवर शोधून सापडलेला ‘ग्राहक सेवा’ क्रमांक हा अनेकदा दुसऱ्या फसवणुकीचा सापळा असतो. तक्रार क्रमांक आणि नोंदवल्याची वेळ जपून ठेवावी, कारण मुदतीचा वाद झाल्यास तोच पुरावा ठरतो. व्यवहार ‘प्रलंबित’ दिसत असेल, तर काही बँका रक्कम परत मागण्याचा अर्ज तो पूर्ण झाल्यावरच स्वीकारतात. तरीही अनधिकृत व्यवहाराची सूचना तेव्हाच द्यावी, तिच्यासाठी थांबू नये. क्रेडिट कार्डाच्या बाबतीत, फसवणूक म्हणून वादग्रस्त ठरवलेल्या रकमेवर निकाल लागेपर्यंत आकार लावता येत नाही.

पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय मदतवाहिनीवर किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा समाधान केले नाही, तर cms.rbi.org.in वरून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

या संरक्षणाला एक मोठी मर्यादा आहे. ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पिन दुसऱ्याला सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्यालाच सोसावे लागते. चाचणीनंतर अनेकदा ‘बँकेतून’ दूरध्वनी येतो तो यासाठीच. संशयित व्यवहार रद्द करण्याच्या नावाखाली ओटीपी मागितला जातो आणि शून्य दायित्वाचा हक्क ग्राहकाच्याच तोंडून काढून घेतला जातो. व्यवहार रद्द करण्यासाठी कोणतीही बँक ओटीपी विचारत नाही.

ऐंशी रुपयांच्या तक्रारीचा उपयोग एका खातेदारापुरता मर्यादित नसतो. एकाच अनोळखी व्यापाऱ्याच्या नावाने अनेक ग्राहकांच्या सूचना आल्या, तर बँकेला त्या व्यापाऱ्याकडून येणारे व्यवहार अडवता येतात आणि ज्यांच्या कार्डांवर अद्याप मोठा घाला पडलेला नाही, अशांची कार्डे आधीच बदलता येतात. सूचना आल्याच नाहीत, तर बँकेच्या नोंदीत तो व्यवहार ग्राहकाला मान्य असलेली एक सामान्य खरेदी म्हणून राहतो आणि चाचणी यशस्वी ठरते.