निकाहाच्या तारखेपासून मागे मोजताना

लग्नाची व्यवस्था पाहणारी मंडळी तारीख ठरली की कॅलेंडर शेवटून वाचतात. घरचं लग्न घरीच उभं करायचं असलं तरी आम्ही हाच हिशेब करायला सांगू. कोल्हापुरात रविवार, २७ डिसेंबर २०२६ रोजी निकाह आहे असं धरू.

पहिलं काम हॉलचं, चोवीस आठवडे आधी, म्हणजे १२ जुलैला. आपल्याला मुहूर्त लागत नाही, पण हॉल, मांडव आणि भांडी सगळ्या गावाची एकच असतात. त्या दिवशी मार्गशीर्ष चालू आहे आणि नाताळची सुट्टीही. इसार देताना पावतीवर नुसती तारीख नको, वेळही लिहून घ्यावी. निकाह जोहरनंतर असेल तर देगा पहाटेच चुलीवर चढतात. हॉल सकाळी नऊला ताब्यात मिळणार असेल तर बबर्चीने करायचं काय? बबर्चीही याच सुमाराला बांधून घ्यावा, कारण चांगला माणूस एका दिवशी दोन दावती घेत नाही.

खरी गाठ पडते ती पत्रिकेची. ती तीन आठवडे आधी, ६ डिसेंबरपर्यंत, लोकांच्या हातात पडायला हवी. छपाईला एक आठवडा, मजकूर तपासायला एक, आणि परगावी पोचवायला एक. म्हणजे सहा आठवडे आधी, १५ नोव्हेंबरला, मजकूर छापखान्यात द्यावा असं गणित येतं. पण लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे आणि भाऊबीज ११ ला. गावी गेलेले कामगार परतून छापखाना सुरळीत होईपर्यंत तो आठवडा हातचा जातो. मोजणी अशी सणावर आपटली की काम पुढे ढकलायचं नाही, सणाच्या अलीकडे ओढायचं. मजकूर २५ ऑक्टोबरलाच द्यावा. उर्दू मजकूर असेल तर तो वाचता येणाऱ्या माणसाकडूनच तपासून घ्यावा. नुक्ता सुटला की नाव बदलतं.

कपड्यांचंही तेच. नवरात्र ११ ऑक्टोबरला बसतं आणि महाद्वार रोडवर पाय ठेवायला जागा नसते. त्यानंतर शिंप्याकडे दिवाळीची शिलाई. कापड आणि मापं २७ सप्टेंबरपर्यंत द्यावीत, आणि कपडे घालून बघण्याचा दिवस २९ नोव्हेंबर ठरवून घ्यावा. दुरुस्तीला चार आठवडे उरतात.

माणसांचा आकडा मात्र मुद्दाम उशिरा, २० डिसेंबरला पक्का करावा. बिर्याणीत किलोभर तांदळाला साधारण दहा माणसं धरतात. पाचशेंना पन्नास किलो. खाटकाला मटणाचा आकडा त्याच दिवशी कळवावा. नवऱ्या मुलाकडून ‘दीडशे-दोनशे येतील’ असा निरोप आला, तर त्या पन्नास माणसांसाठी पाच किलो तांदळाचा फरक पडतो. तेव्हा नेमका आकडा विचारायला घरातलं कुणी वडीलधारं माणूसच पाठवावं.